दोषाचे वर्णन: एक शब्द

कामरान शेखच्या तोंडून कधी अपशब्द गेला नाही, असं त्याची अम्मी खातूनबी निगडीच्या सगळ्या सोसायटीला सांगायची. कामरान ते नाकारायचा नाही. उलट चाकणच्या ज्या कंपनीत तो क्वालिटी इंजिनियर होता, तिथे नव्या भरतीला तो स्वतः ऐकवायचा, "बघा, पार्ट रिजेक्ट होऊ शकतो. माणूस रिजेक्ट होता कामा नये. जीभ ताब्यात पाहिजे!"

हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं की मीटिंग रूमच्या भिंतीवर त्याने ते छापून लावलं होतं. खाली स्वतःचं नावही.

आणि त्याच भिंतीला पाठ करून, मंगळवारी सकाळच्या टीम मीटिंगमध्ये, कामरानने तो शब्द उच्चारला!

कोणता, ते इथे छापता येत नाही. एवढं सांगतो की तो हायवेवर ट्रकचा टायर फुटल्यावर ऐकू येतो, आणि तिथेही जरा हळू.

झालं असं. कंपनी गाड्यांच्या दाराचे ब्रॅकेट बनवते. प्रेस मशीनमधून निघताना कडेला धातूचं बारीक कुसळ राहतं, त्याला बर म्हणतात. "आता बर दिसली तर माझं नाव बदला," असं कामरानने आदल्याच दिवशी कस्टमरला फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. मंगळवारी टीममधली नवी इंजिनियर सृष्टी पडद्यावर आलेख दाखवायला उभी राहिली. बरची रेघ छतापर्यंत गेली होती. कामरानने ती बघितली, आणि शब्द सुटला. स्वच्छ, ठणठणीत, शेवटच्या खुर्चीपर्यंत.

मीटिंग रूममध्ये एसीचा आवाज ऐकू यायला लागला. प्रेसवरचा जुना ऑपरेटर ज्योतीराम बिस्कीट चहात बुडवून बसला होता. बिस्कीट तुटून पेल्यात पडलं तरी त्याला कळलं नाही. प्लँट हेड मारुतराव स्वतः दिवसातून दहा वेळा ओरडतात, पण तेही आ वासून बघत राहिले. सृष्टीच्या हातातला रिमोट तसाच राहिला. प्रेझेंटेशन अर्धवट सोडून ती खाली बसली.

सगळ्यात जास्त हादरला तो कामरान. आपल्या आत हा माणूस कधीपासून राहतोय, हेच त्याला कळेना!

"भावा," ज्योतीराम बाहेर आल्यावर कुजबुजला, "आमी गावात सुदिक आसं पोरीबाळींम्होरं बोलत न्हाई. तुला झालं काय?"

"ज्योतीरामभाऊ, मला खरंच माहीत नाही."

तासाभरात एचआरच्या साबिया मॅडमनी बोलावलं. मारुतरावांच्या टेबलावर कामरानच्या बढतीचा कागद सहीसाठी पडला होता, हे साबियाला माहीत होतं. कामरानला तर झोपेतही माहीत होतं. अम्मीने शेजारी पेढे द्यायचं ठरवून टाकलं होतं.

"लेखी माफीपत्र दे," साबिया म्हणाली. "टीमला उद्देशून, आणि सृष्टीचं नाव घालून. तिचं प्रेझेंटेशन चालू होतं. तिने मान्य केलं तर समजपत्र देऊन विषय संपेल. पत्र तुझ्या फाइलला राहील. तिने मान्य केलं नाही तर कारणे दाखवा नोटीस, मग चौकशी. आणि चौकशी चालू असताना बढती होत नाही, हे तुला सांगायला नको."

"मॅडम, पत्र काय, आत्ता लिहितो!" अहवाल लिहिण्यात कामरानचा हात कंपनीत कोणी धरत नसे.

पहिलं पत्र त्याने कँटीनमध्येच लिहिलं. साबियाने वाचलं आणि चष्मा काढला.

"'जर कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर'? जर? तू होतास ना खोलीत?"

"होतो."

"मग दुखावल्या की नाही ते तुला माहीत आहे. आणि हे काय, 'कामाच्या प्रचंड ताणामुळे'? ताण सगळ्यांनाच होता, शब्द एकट्या तुझा होता. सबब नको. काय केलंस, त्याने कोणाला काय झालं, पुढे काय करशील, बास. पुन्हा लिही."

काय केलंस, काय झालं, पुढे काय करशील! कामरानचा चेहरा उजळला. हे तर त्याचं रोजचं काम होतं! कस्टमरकडून खराब पार्ट परत आला की क्वालिटीवाले हेच लिहितात: दोषाचे वर्णन, पाच वेळा 'का', मूळ कारण, तात्काळ उपाय, कायमचा उपाय. त्याचा तयार नमुना कंपनीच्या सिस्टीममध्ये होता. कामरान बाह्या सरसावून कॉम्प्युटरसमोर बसला.

'दोषाचे वर्णन' या रकान्यात दोष जसाच्या तसा लिहायचा असतो, मोघम चालत नाही, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. म्हणून त्याने शब्द पूर्ण लिहिला. वारंवारता: एकदा. दोष आढळण्याचे ठिकाण: तोंड.

मग पाच 'का'. शब्द का गेला? राग आला. राग का आला? बर दिसली. बर का दिसली? प्रेसच्या साच्याला, म्हणजे डायला, धार नव्हती. धार का नव्हती? डाय काढायला प्रेस थांबवू दिला नाही. का थांबवू दिला नाही? मारुतराव ओरडले. मूळ कारण: मारुतराव.

तात्काळ उपाय: बोलण्याआधी पाणी पिणे. कायमचा उपाय: डायला वेळेवर धार. आणि शेवटचा रकाना, जो कोणीही नीट भरत नाही, तोही त्याने मन लावून भरला: 'हाच दोष इतर विभागांत आहे का, तपासावे.'

समाधानाने त्याने 'सादर करा' दाबलं.

आता इथे वाचकांनी खुर्ची घट्ट धरावी. अहवाल सादर झाला की सिस्टीम तो साबियाला पाठवत नाही. सिस्टीम त्याला नंबर देते आणि सगळ्या विभागांना पाठवते. कस्टमरच्या क्वालिटी विभागालाही! हा नियम दोन वर्षांपूर्वी लागू झाला होता, आणि तो लागू करून घेणारा माणूस होता कामरान शेख.

सकाळी शब्द एका खोलीत होता. दुपारी तो अख्ख्या प्लँटमध्ये होता, ठळक अक्षरांत.

"अरे, परत घे तो!" साबिया धावत आली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"घेता येत नाही मॅडम," कामरान म्हणाला. "कोणी अहवाल दाबू नये म्हणून ती सोय मीच काढून टाकली."

आणि विभाग तरी किती कर्तव्यदक्ष! एरवी महिना महिना उत्तर न देणाऱ्यांची उत्तरं धडाधड यायला लागली. पेंट शॉप: 'तपासणी केली. दोष दोन शिफ्टमध्ये आढळला.' स्टोअर्स: 'आमच्याकडे दोष नाही, मात्र याहून गंभीर तीन आढळले, यादी सोबत.' मेंटेनन्स: 'दोष जुना आहे. त्याशिवाय मशीन चालू होत नाही.' कस्टमरकडून गंभीर ओळ आली: 'सुधारणेचा तीन महिन्यांचा पुरावा द्यावा.'

मारुतरावांनी 'मूळ कारण' वाचल्याचं कामरानला शॉपफ्लोअरच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं. त्याने डोळे मिटले. बढती गेली, आता नोकरीचं बघा! अम्मीला काय तोंड दाखवायचं? तो खरोखर रडायच्या बेताला आला.

तेवढ्यात कोणीतरी समोर येऊन उभं राहिलं. सृष्टी. हातात अहवालाची प्रत.

"सर, दोष माझ्या प्रेझेंटेशनमध्ये आढळला, म्हणून हा बंद करायला माझी मान्यता लागते म्हणे. सिस्टीमने मला पाठवलाय."

"मग... देतेस का?"

"नाही."

कामरानने मान खाली घातली.

"सर, यात तुम्ही पाच वेळा 'का' विचारलंय. डायला विचारलं, प्रेसला विचारलं, मारुतराव सरांना विचारलं. मला एकदाही विचारलं नाही, सृष्टी, तुला काय वाटलं?"

कामरानने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग हळूच म्हणाला, "काय वाटलं?"

"आलेख घेऊन मी पहिल्यांदाच टीमसमोर उभी राहिले होते. मला वाटलं, तो शब्द मला आहे. तेव्हापासून मी त्या खोलीत गेलेली नाही. माझी वहीसुद्धा तिथेच राहिलीय."

इतका वेळ तो स्वतःच्या शब्दाने हादरलेला होता; तो कोणाच्या अंगावर जाऊन पडला, हे त्याने बघितलंच नव्हतं.

"तुला नव्हता गं," तो म्हणाला. "मला होता. बर येणार नाही, अशी बढाई आदल्या दिवशी मीच मारली होती."

सृष्टीने अहवालाची घडी घातली. "हे सांगितलंत, बरं झालं. पण पत्रात लिहू नका. तिथे ती सबब होईल."

मग कामरानने साधा कागद घेतला आणि हाताने लिहिलं:

'प्रिय सृष्टी आणि टीम, मंगळवारच्या मीटिंगमध्ये सृष्टी काम मांडत असताना मी अशोभनीय शब्द वापरला. त्यामुळे तिचा सर्वांसमोर अपमान झाला आणि तुम्हा सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं. नंतर तोच शब्द अहवालात लिहून मी चूक दुप्पट केली. दोन्ही चुका माझ्या आहेत. मी मनापासून माफी मागतो. यापुढे राग आला तर मी मीटिंग थांबवेन, पण असं बोलणार नाही. सृष्टीने तिचं राहिलेलं प्रेझेंटेशन पूर्ण करावं, ही विनंती. – कामरान शेख'

साबियाने वाचलं, एकही खूण केली नाही. सृष्टीने 'मान्य' लिहून सही केली आणि वही आणायला मीटिंग रूममध्ये गेली. समजपत्र फाइलला लागलं. नोटीस टळली!

राहिला कस्टमरचा पुरावा. मारुतरावांनी गेटजवळच्या 'अपघाताविना दिवस' या फलकाशेजारी दुसरा फलक लावला: 'अपशब्दाविना दिवस'. संपूर्ण प्लँटसाठी एकच; कोणाचीही जीभ घसरली की पुन्हा शून्यापासून.

"कामरान," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मूळ कारण मी काय? ठीक आहे! हा आकडा नव्वदवर गेला की अहवाल बंद, आणि त्याच दिवशी तुझ्या बढतीवर सही. शब्द दिला!"

टाळ्या पडल्या. कामरानला भरून आलं. नव्वद तर नव्वद! अम्मी पेढे थांबवेल थोडे.

दुसऱ्या सकाळी सगळे फलकाभोवती जमले. पहिला 'एक' लिहायचा मान मारुतरावांचा. त्यांनी मार्कर टेकवला. उमटेना. झटकला, पुन्हा टेकवला. उमटेना. जोरात दाबला, तर टोक आत गेलं आणि शाई पांढऱ्या शर्टावर उडाली.

आणि मारुतराव बोलले. तोच शब्द. अहवालात होता तसा, संपूर्ण.

सृष्टीने शांतपणे आपल्या वहीतलं एक कोरं पान फाडलं आणि पुढे केलं. "सर, हाताने लिहायचं असतं. आणि त्यात 'जर' नको."

ज्योतीरामने खिशातून पार्टवर खुणा करायचा मार्कर काढला आणि फलकावर मोठं शून्य काढलं.

"कामरानभाई," तो हळूच म्हणाला, "साहेब रोज सकाळी हितंच येत्यात व्हय?"

"रोज," कामरान म्हणाला. त्याच्या जिभेच्या टोकावर काहीतरी आलं होतं. त्याने घाईघाईने पाण्याची बाटली उघडली आणि ती संपेपर्यंत तोंडावरून काढली नाही.