सोबत जोडले : वडील

अर्जासोबत जोडलेल्या फायलींच्या यादीत तिसऱ्या नंबरावर धोंडिराम लोहार दिसू लागले. पहिल्यावर अर्ज, दुसऱ्यावर गुणपत्रक, तिसऱ्यावर वडील, ६.४ एमबी. ऋतुजाला आधी वाटलं, घाईत आपणच काहीतरी भलतं निवडलं.

सायबर कॅफे ती कॉलेज संपल्यापासून चालवत होती, पण प्रिंटरनं कागद ओढला तरी अजून दचकायची. तिनं मान वळवून पाहिलं. धोंडिराम शेजारच्या खुर्चीत, जाहिरातीचं कात्रण मांडीवर घेऊन बसलेले होतेच.

ते आणि त्यांचा मुलगा सुयश तीन वाजता आले होते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिकाऊ तपासनीस हवा होता. अर्ज मेलनं, आज पाचच्या आत, सगळं मिळून दोन एमबीपर्यंत. ‘अपूर्ण अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत,’ असं खाली ठळक छापलेलं होतं.

सुयशचा मेलचा पत्ता ‘दबंगसुयश’ असा होता. ऋतुजानं नाव-आडनावाचा नवा काढून दिला. मग ‘प्रति, मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग’, खाली विषय, खाली जाहिरातीची तारीख. धोंडिराम मजकूर सांगायला लागले.

“लिही पोरी, माझा मुलगा लई गुणाचा आहे, त्याला पदरात घ्या.”

“आण्णा, अर्ज मी करतोय. तुम्ही नाही,” सुयश म्हणाला.

“मग तू बोल की. मघापासून तोंडात मिठाची गुळणी धरलीय!”

सुयशनं सांगितलं ते तिनं उतरवलं. मेकॅनिकल डिप्लोमा, अडुसष्ट टक्के. व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापाची हत्यारं वापरता येतात. वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात तीन वर्षं ग्रिलची मापं तोच घेतो, तिन्ही पाळ्यांत यायची तयारी आहे. शेवटी ‘सोबत’ लिहून तिनं दोन नोंदी केल्या, अर्ज आणि गुणपत्रक.

“तिसरी घाल,” धोंडिराम म्हणाले. “वडील. शाळेचा दाखला असो, आयटीआय असो, डिप्लोमा असो, मी सोबत गेलोय. तिथं विचारतातच, सोबत कोण आहे म्हणून.”

काकांचं मन मोडायला नको म्हणून तिनं घातली. छापलं, सुयशनं सही केली, तिनं स्कॅन केलं. आणि आता हे.

“काढून टाका ना, ताई,” सुयश म्हणाला.

“काढता येईल. पण अर्जावर तीन कागद म्हटलेत आणि दोनच गेले, तर अर्ज अपूर्ण. नवा छापायचा तर प्रिंटरची शाई आत्ताच संपली.” तिनं घड्याळ पाहिलं. चार चाळीस. “गुणपत्रक आणि अर्ज मिळून सातशे केबी आहेत. काका एक पूर्णांक तीनमध्ये बसायला हवेत.”

“कमी होतो की,” धोंडिराम म्हणाले. “सांग कसा.”

रंग काढला की फाईल हलकी होते. तिनं रंग काढला. धोंडिरामांचा निळा शर्ट राखाडी झाला, कपाळावरचं गंधही. ३.१ एमबी.

“अजून?”

“काका, तुम्ही बोलताय ना, त्यानं आकडा वर जातोय.”

“बरं, एवढंच सांगतो. सुयश, साहेबापुढं पाय हलवू नको. माप विचारलं तर एकदा घेऊन बोलू नको, दोनदा घे. डबा…”

“आण्णा,” सुयश म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “मला माहितेय सगळं. तुम्हीच शिकवलंय.”

धोंडिरामांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. आकडा दोनवर आला, दीडवर आला, १.२ वर थांबला. चार छप्पन्न झाले होते.

विषयाच्या ओळीत पदाचं नाव आहे ना, पत्त्यात एखादं अक्षर राहिलं नाही ना, हे तिनं दोनदा तपासलं. बटण मात्र सुयशनं दाबलं.

मेल गेला. खुर्ची रिकामी झाली. खाली चपला तशाच होत्या. त्या यादीत नव्हत्या.

“पोचला असेल ना?” सुयशनं विचारलं. अर्जाबद्दल की वडिलांबद्दल, हे तिनं विचारलं नाही.

तिनं जाहिरातीतला नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला, वाजून बंद पडला. पाच वाजून गेले. सुयश चपला हातात घेऊन उभा होता. सातव्यांदा रिंग गेली आणि पलीकडे कुणीतरी खाकरलं.

“हॅलो? हां, पोरी, मीच बोलतोय. इथं साहेब अर्ज वाचतायत, त्यांना फोन घ्यायला सवड नाही. सुयशला सांग, सोमवारी दहाला बोलावलंय, मूळ कागद घेऊन. एकटा आला तरी चालतंय म्हणाले. मला तेवढ्या माझ्या चपला आणून दे म्हणावं.”