बत्तीस मापाचं हिरवं ब्लाऊज

वसंत मास्टरांकडे टेप नव्हती. म्हणजे असेल एखादी ड्रॉवरमध्ये, पण ती कुणी पाहिलेली नाही. कर्जतच्या बाजारात त्यांचं लेडीज टेलरचं दुकान, दहा बाय आठचं. तुम्ही पायरी चढायच्या आधीच ते मशीनवरून मान वर करायचे, एकदा बघायचे आणि बोलायला लागायचे, "छाती चौतीस, कंबर एकोणतीस, उजवा खांदा पाव इंच पडलाय. पर्स डाव्या खांद्याला लावत जा गं." झालं. तेवढ्यावर कापड कापायचे आणि ते ब्लाऊज असं बसायचं की माझ्या आईने स्वतःच्या हातावर उकळतं दूध सांडलं तेव्हाही आधी बाही बघितली.

आता तुम्ही म्हणाल, बाईमाणसाकडे असं बघणं बरं दिसतं का? पण त्या बघण्यात बघणं नव्हतंच. शाळेतल्या बाईंनी एकदा तोंडावर विचारलं, "मास्टर, एवढं काय निरखता?" तर म्हणाले, "बाई, मला माणूस दिसतच नाय. शिवण दिसते." बाईंना राग यायच्या ऐवजी थोडं वाईटच वाटलं.

आणखी सांगते. हा माणूस शिंपी असून सांगितलेल्या दिवशी कपडे द्यायचा. गुरुवार म्हणजे गुरुवार. लोकांना इतका संशय यायचा की काही बायका मुद्दाम शुक्रवारी जायच्या. मास्टर सगळ्या जगाबद्दल कपड्यासारखंच बोलायचे. आमच्या नव्या तहसीलदारांबद्दल म्हणाले, "कापड भारीतलं हाय, पण कटिंग गंडलंय." तेव्हा गावात टीव्ही दोनच घरांत होता, बाकीच्यांची करमणूक मास्टर.

मी तहसील कचेरीत टायपिस्ट. माझ्या शेजारच्या टेबलावर कमल, आवक-जावकला. ती पळसदरीची. उंच, शेतात वाढलेली, रुंद खांद्यांची, हसली की नाकातून आवाज यायचा. या दोघांची गाठ मी घालून दिली. हे सगळं जे झालं त्यात माझा हात आहे, म्हणून मीच सांगते.

मास्टरांचं आधी शैलाशी होतं. चार वर्षं. शैला किरकोळ अंगाची, एक खांदा किंचित उतरलेला, बालवाडीत शिकवायची, शाळा सुटली की चारला दुकानात यायची. दोघं बिनसाखरेचा चहा घ्यायचे. रविवारी पळसदरीच्या धरणावर जायचे. सगळ्या बाजाराला माहीत होतं आणि सगळा बाजार माहीत नसल्यासारखं करायचा. मग एक दिवस शैला आईला घेऊन दुकानात आली. आईने पिवळ्या शालूचं ब्लाऊजपीस टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मास्टर, लग्नाचं हाय, मुलगा डोंबिवलीचा." शैला बाहेर केळीवाल्याकडे बघत उभी. मास्टर म्हणाले, "गुरुवारी देतो." बुधवारीच दिलं.

मग नऊ दिवस दुकान बंद. उघडलं तेव्हा शिवण तशीच सुबक, पण चार वाजले की मशीन थांबायचं. दोन चहा यायचे. एक ते प्यायचे, दुसऱ्यावर साय धरायची. हे मी रोज बघायची आणि मला राहवेना. मी कमलला म्हटलं, "तुला ब्लाऊज शिवायचं होतं ना? चल." ब्लाऊज शिवायचं नव्हतं. चार वाजता, कचेरीच्या चहाच्या सुट्टीत, नेऊन बसवलं फक्त. दुसरा चहा कमलने उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "मास्टर, साखर महाग झाली का?"

मास्टर हसले. किती दिवसांनी, विचारू नका. मी तर तिथेच मनातल्या मनात पत्रिका टाइप करून टाकली.

सगळं फार भराभर झालं. महिन्याभरात कमल रोज चारला दुकानात. रविवारी धरणावर. दीड महिन्यात मास्टर लग्नाचं बोलायला लागले. मी हवेत. पण कमल एक दिवस फायलीला दोरी बांधता बांधता म्हणाली, "मंगे, तुला एक इचारू? मला बरं वाटतं गं, चार वाजता कुणीतरी वाट बघतंय. पण ती वाट माझीच बघतोय का, ते काय कळत नाय."

"म्हणजे काय? दुसरं कोण जातं तिथं?"

"तेच तर. जाईल ती चालंल असं वाटतं. धरणावर त्याच दगडावर बसायचं. जाताना शैलाच्या आईच्या दारावरूनच जायचं, जवळचा रस्ता सोडून. आणि बोलायचं काय, तर शैला. ती कशी बोलली, का बोलली. मी आपली हूं हूं करते. माझ्या बापाचं नाव माहीत नाय त्यास्नी. इचारलंच नाय कधी."

"अगं, जखम ताजी आहे. बोलून बोलून निघून जाईल."

"निघंल ना. पण ती निघाली की मी लागणार हाय का, का मीबी तिच्यासंगट निघणार?"

मी काय म्हटलं असेन? म्हटलं, "माणूस चांगला आहे, वेळेवर कपडे देतो." हे माझं शहाणपण.

चहा अजून बिनसाखरेचाच यायचा. कमल घरून पुडीत साखर न्यायला लागली. आम्ही हसलो त्यावर. आता हसू येत नाही.

मे महिन्यात मास्टर म्हणाले, "कमल, तुझ्यासाठी ब्लाऊज शिवतो. माझ्या हातचं पहिलं." कमलने हिरवं खणाचं कापड दिलं. मास्टरांनी ते हातात घेतलं, तिच्याकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "गुरुवारी." बघायची गरजच काय, रोज समोर बसते, असं मला वाटलं.

गुरुवारी मी बरोबर होते. पडद्यामागे जागा एका माणसाची, आम्ही दोघी. कमलने ब्लाऊज चढवलं आणि बाही कोपराच्या वर जाईना. मी मागून ओढून कशीबशी चढवली. पुढे हूक आणि काजाच्या मध्ये चांगलं चार बोटं अंतर. बाहेरून मास्टर, "बसलं का?"

कमलने ते उतरवलं, आपलं घातलं, पदर नीट केला, बाहेर आली आणि ब्लाऊज टेबलावर ठेवलं. मास्टरांनी उचललं. त्यांना हातात घेतल्यावरच कळलं. मी त्यांचं तोंड बघितलं. आयुष्यात एक माप चुकलं नव्हतं या माणसाचं, आणि हेही चुकलेलं नव्हतं. नेमकं बत्तीस होतं. खांद्याला शैलाचा तो किंचित उतारसुद्धा होता.

"मास्टर," कमल म्हणाली, "हे कुणाला शिवलंय?"

"उसवून देतो. आत शिवणीत माया हाय, दीड इंच कापड तरी निघंल."

"मला उसवून बसवू नका."

मास्टरांनी तेव्हा मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं, पहिल्यांदा नीट. कमल म्हणाली, "आता नका बघू." पण गेली नाही लगेच. स्टुलावर बसली आणि अगदी कचेरीत नोंद करताना बोलायची तसं बोलली. "सा महिने मी येत नाय. निरोप नाय, चिठ्ठी नाय, धरण नाय. चार वाजता दुकान रिकामं वाटलं, की बघा, दुसरी कुणी येऊन बसली तर बरं वाटतंय का. वाटलं तर तिला बसू द्या, माझा राग नाय. कुणी बसूनबी बरं नाय वाटलं, मीच पायजे असं वाटलं, तर सा महिन्यांनी पळसदरीला घरी या. बापाचं नाव इचारत या."

रस्त्यात मी म्हटलं, "कमल, चूक होते गं माणसाची."

"चूक असती तर कुणाच्याबी मापाचं झालं असतं. हे एकीच्याच मापाचं झालं."

मास्टरांनी शब्द पाळला. पहिले दोन महिने माणूस सैरभैर. चारला येईल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजायचे, पोस्टमनलासुद्धा. मग ते बंद झालं. मग एक दिवस मला म्हणाले, "मंगल, पोस्टमन बसला तरी चालत होतं गं मला. म्हणजे तेव्हा कमलचं बरोबर होतं." आणि सुईत दोरा ओवत, "आता नाय चालत." सप्टेंबरात त्यांनी विचारलं, "तिच्या वडलांचं नाव काय?" मी सांगायला तोंड उघडलं तर हात वर केला. "नको. मला तिथं जाऊन इचारायचंय."

हे मी कमलला सांगायला हवं होतं. पण निरोप नाही असं ठरलेलं, आणि मला वाटलं, राहिलेत किती, दोन महिने, गंमत होईल. एवढं पोटात ठेवलं. आणि जे ठेवायचं ते नाही ठेवलं.

दिवाळसणाला शैला माहेरी आली. मी कचेरीतून जाताना बघितलं, मास्टरांच्या दुकानात बसलेली. परत येताना बघितलं, तरी बसलेली. मी धावत कमलकडे गेले. खरंच धावत. "शैला आलीय, अर्धा तास दुकानात आहे." कमल शिक्का मारता मारता थांबली, मग मारलाच. म्हणाली, "बरं."

पुढच्या आठवड्यात तिच्या वहिनीचा कुंभिवलीचा मावसभाऊ बघायला आला. कारखान्यात कामाला, हायवेला स्वतःचं घर. कमलने हो म्हटलं. मी विचारलं, "हे तू निवडलंस, की नुसता आधार धरलास?"

"आता कोण बघत बसतंय ते," म्हणाली. "तो आला तवा माझ्याकडं बघत हुता. माझं नाव दोनदा घेतलं. पुरं हाय."

सहा महिने भरायच्या आतच लग्न झालं. त्यानंतर मी दुकानात गेले आणि सगळं सांगून टाकलं, की शैलाचं मीच बोलले. मास्टर काज करत होते. सुई चालूच. "शैला साडीच्या फॉलच्या हातशिलाईचं इचारायला आली हुती," ते म्हणाले. "गिऱ्हाइकासारखी वाटली. मला इतकं बरं वाटलं की तिला बसवूनच घेतली. म्हटलं, पळसदरीला जायला आता हरकत नाय." मग म्हणाले, "तू काय खोटं सांगितलं नायस. बसली तर हुती."

मी रडले. त्यांनी मला चिंधी दिली, पुसायला.

लग्नानंतर कमलने कचेरी सोडली, म्हणून आता मी महिन्या-दोन महिन्यांनी कुंभिवलीला जाते. कमल बरी आहे. नवरा भला आहे. मास्टर कधी निरोप देत नाहीत, कशी आहे विचारत नाहीत. परवा मात्र मी निघताना मान खाली ठेवूनच बोलले, "मंगल, तिकडं आभाळ भरतंय. तिला विजेचं भ्या वाटतं."

"कमलला?" मला खरं वाटेना. आठ वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेली बाई. सापाला शेपटीला धरून बाहेर टाकणारी.

"मे महिन्यात धरणावर एकदा वीज पडली पलीकडं. ती बोलायची थांबली. पदराचं टोक पिळत बसली, पार चुरगाळा केला. सांगितलं नाय तिनं. कुणाला सांगत नसंल." त्यांनी दोरा दाताने तोडला. "मला दिसत हुतं, मंगल. मी शैलाची गोष्ट सांगत हुतो, ती गोष्ट मधी तोडायची राहिली. तिच्या मालकांस्नी तू सांगशील का, नुसतं जवळ बसा म्हणावं. कुणी सांगितलं ते नको सांगू."