एकटीची खोली आणि जीपभर माणसं

"दोन मिनिटांचं काम! आधार कार्ड, लॅबचं ओळखपत्र, गोड हसू. झाली खोली!" जयवंती शितलला म्हणाली. दोघी डहाणूतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या.

त्याच दिवशी दोन घरमालकांनी जयवंतीला फाटकातूनच परत पाठवलं. एकाने विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" मिस्टर नाहीत हे कळताच खोली पंधरा मिनिटांपूर्वीच दुसऱ्याला गेली! दुसऱ्या घरच्या बाईने "फॅमिलीलाच देतो" म्हणून दारच लावलं.

जयवंतीला तर दारच हवं होतं. झरीहून नोकरीसाठी आल्यापासून ती मावसबहिणीकडे राहायची. सहा माणसं, एक खोली. झोपायचं ओट्याखाली, डोक्याशी गॅसची टाकी. आपण आतून कडी लावतोय, पंखा आपल्यासाठीच फिरतोय, असं स्वप्न तिला जागेपणीही पडायचं.

"सांग ना लग्न ठरलंय म्हणून," शितल म्हणाली.

"आणि नवरा कुठून आणू? लॅबच्या फ्रिजमधून?"

तिसरं घर गुजराती वर्षाबेनचं. नवरा वारलेला, मुलगा सुरतेला. खाली त्या एकट्या, वर रिकामी खोली. जयवंतीने एका दमात सांगून टाकलं, "मी जयवंती. गाव झरी, तलासरी तालुका. तीन वर्षं लॅबमध्ये आहे, हे ओळखपत्र. सकाळी साडेसहाला निघते, संध्याकाळी सातपर्यंत परत. उशीर झाला तर फोन करीन. लग्न झालेलं नाही, एकटीच राहणार."

वर्षाबेनचा हात फाटकाच्या कडीवर थबकला. "एकटी? जो बेन, बघ, तू चांगलीच असशील. पण मुलगे येतात, लोक बोलतात."

"घरचे येतील, तेही आधी सांगून. मुलगे येणार नाहीत."

"ते ठीक. पण तू आजारी पडलीस, घरी आलीच नाहीस, तर मी कोणाला बोलावू? मी पण एकटीच ने!"

म्हणजे बाईंना तिच्या चारित्र्याची नाही, स्वतःच्या एकटेपणाची भीती होती! जयवंतीने बाबांचा आणि शितलचा नंबर लिहून दिला. नोंदणीकृत भाडेकरार अकरा महिन्यांचा करू, पोलीस ठाण्यात माहितीही देऊ, म्हणाली.

"आणि मटण-मच्छी?"

"खाते. पण खिडकी उघडून."

वर्षाबेन हसल्या. "रविवारी बापाला घेऊन ये. एकदा बघते."

रविवारी जयवंतीचा बाप बारक्या आला. पण तो एकटा कसा येईल! मुलीची बाजू भक्कम दिसावी म्हणून त्याने भाड्याची जीपच केली. भाऊ मुकेश पुढे, मागे बायजी काकी, दोन चुलते, त्यांच्या बायका, तांदळाचं पोतं आणि पाय बांधलेला कोंबडा! फाटकासमोर जीप थांबली, तशी वरात आल्यासारखी माणसं उतरू लागली.

"एवढे राहणार?" वर्षाबेन किंचाळल्या.

"नाही नाही! नुसतं बघायला आलोत," बारक्या म्हणाला.

"पोरगी सोन्यासारखी आहे," काकीने सुरुवात केली. "फक्त अंधाराला घाबरते. आणि दोन मुलगे बघायला आले, दोघांनाही हिने हाकललं! जीभ जरा तिखट आहे."

"काकी!" जयवंतीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिने उभं केलेलं सगळं कोंबड्यासकट कोसळत होतं.

बारक्याने हात जोडले. "बेन, हिला नुसतं डोकं दुखलं तरी फोन करा. आम्ही लगेच येतो."

"सगळे?"

"सगळे!"

वर्षाबेननी जीपकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं. मग जयवंतीला बाजूला ओढून कानात म्हणाल्या, "खोली तुझी. पण करारात लिहायचं हं, एकटीच राहणार! एकटीच!"

पुढच्या रविवारी जीप परत आली, सही झाली, किल्ली मिळाली. मुकेशने सामान वर चढवलं. काकीने चूल कुठे, पाणी कुठे, सगळं तपासलं, दोनदा रडली, आणि ऊन कलताच जीप तलासरीच्या रस्त्याला लागली.

जयवंतीने कडी लावली. पंखा चालू केला. मधोमध पाय पसरून बसली. कोणी म्हणालं नाही, "सरक तिकडे." कोणी खोकलं नाही, कोणाची मुलं अंगावर पडली नाहीत. शांतता एवढी, की पंख्याची कुरकुरही गप्पा मारल्यासारखी वाटली. बाबा आता कुठवर पोहोचले असतील? तिने फोन लावला. रेंजच्या बाहेर.

ती खाली आली. वर्षाबेन पायरीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"वर लाइट नाय?"

"आहे."

"पाणी नाय?"

"आहे."

"मग?"

जयवंती पायरीवर टेकली आणि तिने मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"सगळ्या सोल," वर्षाबेन सरकत म्हणाल्या. "मला पण एवढ्या नको होत्या. वेळ जात नाय, म्हणून आणते."