जमनाबेनच्या वहीतली दुसरी शाई

"नवरा रुसवून गेला आणि उशिरा परत आला, तर तुम्ही दार उघडता की कडी लावून बसता?" आमच्या घाटकोपरच्या चाळीत सामंतकाकांनी हा प्रश्न माझ्या बायकोला विचारला. तोही नळावर, चारचौघींत! चौऱ्याऐंशी सालची गोष्ट आहे, पण माझं डोकं अजून तापतं.

मी भांडायलाच वर गेलो. पोस्टातून रिटायर झालेला हा ब्रह्मचारी शांतपणे म्हणाला, "अनुवादासाठी हवं होतं रे."

तळमजल्यावरच्या हसमुखभाईची आई, जमनाबेन, वारली होती. तिच्या वहीतली गुजराती भजनं वर्षश्राद्धाला मराठीतून छापून चाळीत वाटायची, असं त्याच्या मनात होतं. अनुवाद काकांचा. माझं अक्षर बरं, म्हणून मुद्रणप्रत माझ्या गळ्यात पडली.

काकांचं एक पालुपद होतं, "घाई नको, आधी हा कोण ते बघू." 'हा' म्हणजे भजनातला, देव की माणूस. एका भजनात बाई कडी लावून बसली, म्हणजे माणसावरच रुसली, असं मी म्हणालो. काकांनी मला वेड्यात काढलं. गोपीही रुसतात, देवही जेवतो, झोपतो, घामाघूम होतो. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. 'व्हालो' म्हणजे लाडका. तिथे 'देवा' लिहिलं की माणूस मेला, 'राया' लिहिलं की देव पळाला. त्यांनी 'जिवलगा' लिहिलं, त्यासाठी आठवडा घालवला.

मग एका पानावर ते थांबले. ताप आलेला कुणी दारापर्यंत येतो. ती कपाळाला हात लावते. घरात माणसं आहेत, म्हणून तो उंबऱ्यावरूनच परत जातो. शेवटी 'जमना म्हणे, रणछोड माझा.' रणछोड म्हणजे कृष्ण. वरच्या ओळी टाकाच्या, शाई विटलेली. शेवटची तेवढी बॉलपेननं लिहिलेली.

आम्हाला प्रसाद देणारी जमनाबेन! "म्हणजे देव मागाहून चिकटवला? काका, ही ओळ काढा, नाहीतर अनुवाद खोटा. आणि काढलीत तर हसमुखभाई तोंड कुठे लपवेल?"

"ओळ राहणार," काका म्हणाले. "शाई निराळी, पण हात तिचाच. कुणाला आठवून लिहिलं हेही तिचं, आणि पुढे कुणाच्या हवाली केलं हेही तिचंच. वरच्या ओळींत मी देव घालणार नाही, खालचा काढणार नाही."

मला पटेना. हे झाकपाक करणं झालं, असं मी तोंडावर म्हणालो.

काकांनी फळीवरून स्वतःच्या अभंगांची वही काढून माझ्यापुढे उघडी ठेवली. आमच्या चाळीतल्या बायकांचं भजनी मंडळ हेच अभंग दर एकादशीला म्हणतं. प्रत्येकाच्या शेवटच्या चरणात विठ्ठल, आणि प्रत्येक विठ्ठल वेगळ्या शाईत.

"कोण ती?" मी विचारलं.

"टाळ धरते मंडळात," काका म्हणाले. "नातवंडं आहेत तिला. फार मनापासून म्हणते रे. तिला विठ्ठलच दिसतो."