भुजंगप्रयातातली किशोरी

"चार दिवस! चार दिवसांत ती कविता मराठीत आणतो, आणि तीही भुजंगप्रयातात!" त्र्यंबकराव घळसासी गरजले.

कराडच्या शाळेत पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. घाव मात्र वर्मी लागला होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी नव्या बायकोला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका साहेबाची कविता वाचून दाखवली होती. सुमतीबाईंनी तेव्हा छान मान डोलावली होती. आणि आता, लग्नाला येत्या रविवारी पन्नास वर्षं होणार म्हणताना, भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अहो, ती कविता मला तेव्हा काही म्हणजे काही कळली नव्हती."

"मग मान कशाला डोलावलीस?"

"तुम्ही किती आनंदात होतात!"

झालं! रविवारी वाचनालयात सगळ्यांसमोर ती कविता सुमतीला मराठीत ऐकवायची, असा सरांनी पण केला.

कविता साधी. म्हातारी बायको खिडकीशी बसून नवऱ्याचा फाटका मोजा शिवतेय. तो दारातून बघतो, त्याला बरंच बोलायचं असतं, पण तोंडून निघतं एवढंच, की अंधार पडतोय. बस्स!

पण भुजंगप्रयात म्हणजे लघू गुरू गुरू, असं ओळीत चार वेळा. 'खिडकी' दारातच अडली, कारण तिच्यात दोन लघू शेजारी शेजारी आणि या वृत्तात ते चालत नाहीत. तिथे 'गवाक्षी' चपखल बसलं. 'म्हातारी'त तीन गुरू ओळीनं, तेही चालत नाहीत. 'तरुणी'सुद्धा बसेना. बसली ती फक्त 'किशोरी'! 'फाटका मोजा' घालून पाहिला, तर त्यातला 'जा' नेमका लघूच्या जागी जाऊन बसला. मोजा गेला, फुलं आली. बोटांवर मात्रा मोजत सर घरभर फिरत होते. आमटी दोनदा उतू गेली, पण ओळी झाल्या:

गवाक्षी किशोरी फुले गुंफिताना
तिला पाहिले मी उभा राहताना

"व्वा!" सरांनी स्वतःचीच पाठ थोपटली आणि कागद ग्रंथपाल मोघ्यांकडे सुवाच्य अक्षरात लिहायला दिला.

मोघ्यांना तो इतका आवडला, की त्यांनी वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी तो सगळ्यांना चालीवर म्हणून दाखवला. हे भाषांतर आहे, हे सांगायचं तेवढं राहिलं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की घळसासी सरांना या वयात खिडकीतली कुणी किशोरी आठवतेय! बायका सुमतीबाईंना भेटायला येऊ लागल्या, आजारी माणसाला भेटायला यावं तशा. एकीनं तर सोबत शिराही आणला.

सर घरी आले तेव्हा सुमतीबाई कागदाची नक्कल हातात घेऊन बसल्या होत्या.

"ही कोण?"

"अगं, भाषांतर आहे ते! तीच आपली कविता! ही म्हातारीच आहे, फक्त वृत्तात बसेना म्हणून..."

"म्हणून तिला सोळा वर्षांची केलीत?"

"एकेक शब्द बदलावा लागला गं. मोजासुद्धा गेला."

सुमतीबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "साहेबाला म्हातारी चालली. मराठीत आणताना ती तुम्हाला बसवता येईना होय?"

सरांना भडभडून आलं. सगळ्या मात्रा बरोबर होत्या आणि जिच्यासाठी खटाटोप केला, ती बाईच कवितेतून हद्दपार झाली होती. त्यांनी कागद फाडला आणि वृत्त सोडून लिहायला घेतलं. चार दिवसांत जमलं नव्हतं, ते अर्ध्या तासात झालं.

खिडकीपाशी म्हातारी,
हातात माझा फाटका मोजा.
मी दारात.
बोलायचं होतं बरंच.
म्हटलं, अंधार पडतोय.

सुमतीबाईंनी दोनदा ऐकलं. "याला चाल नाही?"

"नाही गं. मुळात सुई आतबाहेर व्हावी तसा ठेका आहे, तो गेला. यमकंही गेली. अर्धी कविता तिकडेच राहिली म्हण ना."

"जाऊ दे. बाई तर आली." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग एकदम म्हणाल्या, "पण तिला चष्मा कसा नाही हो?"

"मुळात नाहीये."

"या वयात, अंधार पडताना, चष्म्याशिवाय मोजा शिवतेय? त्या साहेबानं बायकोकडे नीट बघितलेलंच नाही!"

मुळाशी प्रामाणिक राहण्यावर सर तासभर बोलू शकत. त्यांनी तोंड उघडलंही. पण समोर सुमतीबाई नाकावर घसरलेल्या चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि सरांनी तोंड मिटलं.

रविवारी वाचनालय भरलं. "खिडकीपाशी म्हातारी, डोळ्यांवर चष्मा," सरांनी वाचायला सुरुवात केली. मोघे इंग्रजी पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवून बसले होते. ते ताडकन उठले.

"सर, मुळात चष्मा नाही!"

"मोघे," पहिल्या रांगेत बसलेल्या बायकोकडे बघत सर म्हणाले, "मुळात चूक आहे."