लागू नाही

अर्जावरचे पहिले दोन रकाने भरायला त्या घराला सव्वा तास लागला, आणि त्यातला एक तास दुसऱ्या रकान्यावर गेला.

पहिल्या रकान्यात छापलं होतं, ‘पूर्ण नाव (शाळेच्या दाखल्याप्रमाणे)’. दुसऱ्यात, ‘प्रचलित नाव, असल्यास’. अर्ज होता मोठ्या इस्पितळातल्या लिफ्ट-विभागाच्या पर्यवेक्षकाच्या जागेसाठी, आणि भरणारा होता ढब्बू. ढब्बू लहानपणी गुटगुटीत होता. आता तो छत्तीस वर्षांचा आणि शिडीसारखा होता, पण गुटगुटीतपणा अंगावरून गेला तरी नावावरून जात नाही. अकरा वर्षं एका वर्कशॉपमधून तो गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत होता आणि गावभरचे लोक मजल्यामजल्यावरून त्याला त्याच नावाने हाक मारत होते.

दाखल्यावरचं नाव वेगळं होतं. चांगलं भारदस्त, पाच अक्षरी. कधीच न घातलेल्या कोटासारखं ते कपाटात दाखल्याबरोबर घडी घालून ठेवलेलं असे.

“दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं?” ढब्बूने विचारलं.

“काहीही नाही,” मामा म्हणाले. मामा एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. कचेरीने त्यांना सोडलं होतं, त्यांनी कचेरीला सोडलेलं नव्हतं. “अरे ढब्बू, पर्यवेक्षक म्हणजे पर्यवेक्षक! नावाचं वजन पडलं पाहिजे. उद्या तुझ्या हाताखालची माणसं ‘ढब्बूसाहेब’ म्हणणार का?”

“पण ‘असल्यास’ लिहिलंय. आणि ते आहे ना,” त्याची बायको म्हणाली. “तुमच्या मालकांना फोन गेला तर त्यांना कसं कळायचं कोणाबद्दल विचारतायत? त्यासाठीच असेल तो रकाना.”

“सूनबाई, मी चौतीस वर्षं अर्ज पाहिलेत.”

“पाहिलेत, मामा. भरलेत किती?”

मामांनी हे न ऐकल्यासारखं केलं. ज्यांना सगळं येतं त्यांना न ऐकणं तर उत्तमच येतं. मग त्यांनी ढब्बूच्या हातून पेन घेतलं आणि दुसऱ्या रकान्यात वळणदार अक्षरात स्वतःच लिहिलं, ‘लागू नाही’.

ढब्बूला ते फार आवडलं. दोन शब्दांत छत्तीस वर्षं पुसली गेली होती. “आजपासून घरातही मला दाखल्यावरच्या नावानेच हाक मारायची,” त्याने जाहीर केलं.

“बरं हो, ढब्बू,” आई म्हणाली.

अनुभवाचं पत्र त्याने दाखल्यावरच्या नावाने स्वतःच टाईप करून घेतलं, कारण वर्कशॉपच्या मालकांना लिहिण्याचा कंटाळा होता. मालकांनी चष्मा न लावता सही ठोकली. संदर्भ म्हणून दोन फोन नंबर मागितले होते. एक मालकांचा दिला, एक ज्या इमारतीची लिफ्ट तो बघत असे तिथल्या सेक्रेटरींचा. या दोघांना ‘अमुक नावाने विचारणा होईल’ एवढं एक वाक्य सांगून ठेवायला हवं होतं. बायकोने तसं सुचवलंही. पण वजनदार नावाच्या माणसाने असल्या किरकोळ गोष्टी का कराव्यात?

मुलाखत झकास झाली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तर आधी काय कराल, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, “आधी आतल्या माणसाशी बोलेन. मग मेन स्विच बंद करेन. दाराला हात त्यानंतर.” पॅनेलवरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. आता फक्त पडताळणी राहिली होती.

पडताळणी कार्मिक विभागातल्या बाईंकडे होती. बाईंचा आवाज सौम्य आणि पेन्सिल टोकदार होती. त्यांनी वर्कशॉपला फोन लावला आणि दाखल्यावरचं नाव पूर्ण वाचून दाखवलं.

“या नावाचा माणूस?” मालक म्हणाले. “आमच्याकडे? बाई, असल्या नावाचा माणूस आमच्या ग्रीसमध्ये दोन दिवस टिकला नसता.”

बाईंनी टिपून घेतलं. मग सेक्रेटरींना फोन केला.

“आमची लिफ्ट ढब्बू बघतो,” सेक्रेटरी संशयाने म्हणाले. “हे कोण नवे साहेब? त्यांना पाठवू नका हं. आम्हाला ढब्बूच बरा.”

बाई न्यायी होत्या. कोणावर अन्याय नको म्हणून त्यांनी उमेदवाराच्या घरीही फोन केला. तो आईने उचलला. त्या माउलीचा एक साधा अनुभव होता, की जो माणूस पूर्ण नावाने चौकशी करतो तो भल्या कामासाठी करत नाही. शाळेच्या मुख्याध्यापकांनी केली होती तेव्हा काच फुटली होती, पोलिसांनी केली होती तेव्हा सायकल धडकली होती.

“नाही हो,” आई म्हणाली. “असं कोणी इथे राहत नाही.” आणि लेकराला वाचवल्याच्या समाधानात ती भांडी घासायला गेली.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. अनुभवाचं पत्र बनावट असल्याचा संशय असून तीन दिवसांत समक्ष खुलासा करावा, न केल्यास निवड रद्द समजावी. ढब्बूने ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसला. मामांनी ते एकदा वाचलं आणि त्यांना अचानक घरी काम आठवलं.

“तुम्ही अकरा वर्षं तिथे होता?” दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं.

“होतो.”

“ते म्हणतात नव्हता. सेक्रेटरी म्हणतात तुम्हाला पाठवू नका. तुमच्या घरचे म्हणतात तुम्ही तिथे राहत नाही.”

“घरचेसुद्धा?”

“एक वयस्क बाई होत्या. फार ठाम होत्या.”

ढब्बूने घाम पुसला. “बाई, मला सगळे... म्हणजे लहानपणापासून... ढब्बू म्हणतात.”

बाईंनी अर्ज उलगडला आणि पेन्सिलीचं टोक दुसऱ्या रकान्यावर टेकवलं. “इथे तर तुम्ही ‘लागू नाही’ लिहिलंय.”

“ते मामांनी लिहिलं.”

“मामांची निवड झालेली नाही,” बाई सौम्यपणे म्हणाल्या. “अहो, अर्जावर दाखल्याचंच नाव हवं, ते बरोबरच आहे. प्रमाणपत्रं, बँक, सगळं त्याच नावाने जुळतं. पण लोक ज्या नावाने ओळखतात ते विचारतो ते चेष्टा करायला नाही, फोनवर माणूस सापडावा म्हणून. एक शब्द लिहिला असतात तर मला तीन फोन पडले नसते. आता दोन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करा.”

ढब्बू धावत वर्कशॉपला गेला. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. ‘ढब्बू आमच्याकडे अकरा वर्षं होता. कामाला सोनं. त्याला दुसरं काही नाव असेल असं कधी वाटलं नाही.’ सोबत हजेरीपुस्तकाच्या पानाची प्रत दिली. तिथेही महिनाभर ढब्बूच हजर होता.

“हे झालं ढब्बूचं,” बाई म्हणाल्या. “आता हा ढब्बू म्हणजे तुम्हीच, हे कोण सांगणार?”

ते सांगायला नोटरी लागला. त्याच्या टेबलासमोर उभं राहून ढब्बूला मोठ्याने वाचावं लागलं, की दाखल्यावरचं नाव आणि ‘ढब्बू’ ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मी आहे. मागे रांगेत सात माणसं होती. सातही जणांनी वळून त्या शिडीकडे पाहिलं. जे नाव कायमचं पुरायला तो निघाला होता ते आता शिक्क्यासकट, साक्षीदारांसकट सरकारदरबारी अमर झालं होतं. अहंकाराला देव शिक्षा करतो ती अशी, त्याच्याच सहीनिशी.

नोकरी मिळाली. पण शहाणपण मिळालं नाही, कारण रुजू होण्याआधीच ढब्बूने एक लेखी अर्ज दिला. ‘माझे प्रचलित नाव केवळ पडताळणीपुरते असून ते ओळखपत्रावर, संगणकावर वा अन्यत्र वापरू नये.’ मसुदा मामांचा होता. तोवर मामांचं घरचं काम आटोपलं होतं.

पहिल्या दिवशी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून विभागप्रमुखांसमोर उभा राहिला आणि दाखल्यावरचं नाव खणखणीत उच्चारलं.

विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. “अजून एक!”

“म्हणजे?”

“या नावाचे आमच्याकडे तिघं आहेत. तुमच्याच वयाचे. त्या साली काय साथ आली होती कोण जाणे. आम्ही त्यांना पहिला, दुसरा, तिसरा म्हणतो. तुम्ही चौथे.”

“चौथे... पर्यवेक्षक?”

“नुसतेच चौथे. ए तिसऱ्या, यांना टेबल दाखव!”

तिसरा आला. तो थकलेला, सज्जन माणूस होता. त्याने टेबल दाखवलं. त्यावर पाटी आधीच लागली होती, भारदस्त पाच अक्षरं आणि पुढे आकडा चार. संगणकावरच्या पत्त्यालाही तोच आकडा होता.

“गोंधळ होत असेल,” ढब्बू म्हणाला.

“छे. माझी रजा दुसऱ्याला मंजूर होते, एवढंच. तो जाऊन पण आला. पहिल्याला मेमो मिळाला तो मी भोगला.”

“पहिला निवृत्त झाला की आपण वर सरकतो का?”

“विचारलं होतं मी,” तिसरा म्हणाला. “नाही सरकत.”

दुपारपर्यंत ढब्बूला पहिल्यासाठीच्या दोन तक्रारी आणि दुसऱ्यासाठीचं एक झापणं मिळालं. चार वाजता कोणीतरी जिन्यातून ओरडलं, “ओ चौथे! पाचव्यावर या!” आणि त्याला क्षणभर वाटलं, पाचवाही आला. तो आला नव्हता, तो मजला होता.

साडेचारला तो कार्मिक विभागात गेला.

“बाई, ओळखपत्रावर... प्रचलित नाव घालता येतं का?”

“येतं. पगार, बँक आणि फाइल दाखल्याच्या नावाने, बाकी ओळखपत्र आणि संगणक प्रचलित नावाने. तो रकाना त्यासाठीही असतो.” बाईंनी फाइल उघडली. “प्रतिज्ञापत्रही आहेच. पण तुमचा लेखी अर्ज आहे, वापरू नये म्हणून.”

“तो मागे घेतो.”

“मग मागे घेण्याचा अर्ज द्या.” बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. “मामांना बोलवायचंय?”

“नको,” ढब्बू म्हणाला, आणि पेन स्वतःच धरलं.

रविवारी मामा आले. पाय पसरून बसले. “मग? ऑफिसात आदराने वागतात ना? आता मला खरं सांग, दाखल्याच्या नावाचा परिणाम झाला की नाही?”

“झाला,” ढब्बू म्हणाला. “एका दिवसात झाला.”

“बघा सूनबाई! वजन म्हणतात ते हेच. ढब्बू म्हणून गेला असता तर दारातून...”

तेवढ्यात फोन वाजला. आई जवळ होती, तिने उचलला. थोडं ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला.

“आहे की! असं काय विचारता, इथेच राहतो तो, देते हं.” तिने रिसीव्हर लेकापुढे धरला. “ढब्बू आहे का विचारतायत, तुझ्या ऑफिसातून. भल्याच कामासाठी असणार.”

ढब्बूने फोन घेतला. मामांना तेवढ्यात घरी काम आठवलं.